पुढे ढकललेल्या कामांची नोंद : रोडमॅप ठरवणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त कसे वाचावे

रोडमॅप, म्हणजे येत्या काळात प्रॉडक्टमध्ये कोणती कामे करायची याची यादी, ठरवणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त बहुतेक जण एवढेच पाहण्यासाठी उघडतात, की आपण सुचवलेले काम यादीत आले की नाही. ते दिसले की कागद मिटला जातो. खरे तर निवडलेल्या कामांसाठी या कागदाची फारशी गरज नसते, कारण ती कामे काही आठवड्यांत प्रत्यक्ष प्रॉडक्टमध्येच दिसू लागतात. जी कामे निवडली गेली नाहीत, त्यांचा मात्र या इतिवृत्ताशिवाय दुसरा कोणताही पुरावा उरत नाही. तीन महिन्यांनी कोणीतरी विचारते, ‘हे तेव्हा का घेतले नाही?’ आणि बैठकीला हजर असलेल्या पाच जणांकडून पाच वेगवेगळी उत्तरे मिळतात. म्हणून असे इतिवृत्त चांगले आहे की नाही हे पाहायचे असेल, तर मी ते शेवटाकडून वाचायला लागतो : आधी पुढे ढकललेल्या कामांची कारणे, मग क्रमवारी आणि सर्वांत शेवटी गुण.

समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट घेण्याचे एक ॲप आहे. दर तिमाहीला सुमारे १२,००० रुग्ण त्यावरून वेळ घेतात. त्यांपैकी १८ टक्के रुग्ण वेळ घेऊनही येत नाहीत, आणि हे प्रमाण १२ टक्क्यांवर आणणे हे येत्या तिमाहीचे उद्दिष्ट ठरले आहे. टीम पाच जणांची आहे. पाच जणांचे तीन महिने म्हणजे हिशेबाने १५ मनुष्य-महिने होतात, पण रजा, जुन्या चुकांची दुरुस्ती आणि ग्राहकांच्या तक्रारी यांत त्यातला एक तृतीयांश वेळ जातो, असा मागच्या तिमाहींचा अनुभव आहे. त्यामुळे नव्या कामासाठी १० मनुष्य-महिने उरतात. हा आकडा इतिवृत्ताच्या अगदी सुरुवातीला लिहिलेला असला पाहिजे. तो नसेल, तर पुढची सगळी क्रमवारी कितीही नीट दिसली तरी रेघ कुठे आणि का ओढली हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

टेबलावर सात कामे आली : अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी रुग्णाला आठवण करून देणारा संदेश, रुग्णाला स्वतःच वेळ बदलता येण्याची सोय, एकाच खात्यावर घरातील इतरांची नावे जोडण्याची सोय, गडद रंगाचा स्क्रीन, वेळ घेतानाच तपासणी फी ऑनलाइन भरण्याची सोय, एका मोठ्या रुग्णालय समूहाने मागितलेला सर्व शाखांचा एकत्रित अहवाल, आणि लॉगिनसाठी वापरली जाणारी जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला तयार कोड, बदलणे.

गुण देण्यासाठी या टीमने राइस ही पद्धत वापरली. इंटरकॉम या कंपनीच्या प्रॉडक्ट टीममधून आलेली ही पद्धत आज बऱ्याच ठिकाणी वापरली जाते, आणि तिच्यात चारच गोष्टी विचारल्या जातात. ठरावीक काळात किती लोकांपर्यंत हे काम पोहोचेल, ही झाली पोहोच. त्यांतल्या एकेका माणसावर त्याचा किती परिणाम होईल, हे ठरलेल्या पाच पायऱ्यांवर सांगायचे असते : प्रचंड असेल तर ३, मोठा असेल तर २, मध्यम असेल तर १, थोडा असेल तर ०.५ आणि अगदी नाममात्र असेल तर ०.२५. आपल्या या अंदाजांवर आपला स्वतःचा विश्वास किती, हे टक्क्यांत सांगायचे : भक्कम पुरावा असेल तर १००, बऱ्यापैकी आधार असेल तर ८०, आणि बराचसा तर्कच असेल तर ५०. शेवटी, कामाला किती मनुष्य-महिने लागतील हे सांगायचे. पहिल्या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला चौथ्याने भागायचे.

```
गुण = (पोहोच × परिणाम × विश्वास) ÷ श्रम
```

सूत्र पाचवीच्या मुलालाही करता येईल असे आहे. अडचण सूत्रात नसते. त्यात घातलेले आकडे कुठून आले, यात ती असते. म्हणून चांगल्या इतिवृत्तात प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याचा उगम एका वाक्यात लिहिलेला असतो. आठवणीच्या संदेशाची पोहोच १२,००० आहे, कारण मागच्या तिमाहीत वेळ घेतलेले रुग्ण तेवढेच होते. त्यावरचा विश्वास ८० टक्के आहे, कारण एका दवाखान्याने महिनाभर स्वतः फोन करून रुग्णांना आठवण दिली होती आणि न येणाऱ्यांची संख्या कमी झाली होती, पण तो एकच दवाखाना होता, त्यामुळे १०० टक्के लिहिले नाही. ऑनलाइन फीवरचा विश्वास ५० टक्केच आहे, कारण रुग्ण आगाऊ पैसे भरतील का, हे अजून कोणी रुग्णांना विचारलेलेच नाही. श्रमाचा आकडा मात्र कोणी दिला हे नावानिशी लिहावे, आणि ते नाव काम प्रत्यक्ष करणाऱ्या इंजिनिअरचे असावे. ‘हे काय, दोन आठवड्यांचे काम आहे’ असे बोलणाऱ्याच्या अंगावर ते काम पडणार नसेल, तर तो आकडा कागदावर चढवू नये.

आणखी एक बारकावा इतिवृत्तात नोंदवण्यासारखा आहे : गुण कधी दिले गेले. या टीममध्ये प्रत्येकाने बैठकीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्याचे गुण न पाहता, आपले गुण लिहून पाठवले होते आणि बैठकीत फक्त जिथे फरक मोठा होता तिथेच चर्चा झाली. हे न केल्यास पहिला बोलणारा, आणि विशेषतः तो पदाने वरिष्ठ असेल तर, जो आकडा उच्चारतो त्याच्या आसपासच बाकीचे आकडे गोळा होतात. बैठकीत एखादा आकडा बदलला गेला, तर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे, आणि बदलाचे कारण, शेजारीशेजारी राहू द्यावेत.

गुणांनंतरचा तक्ता असा दिसतो.

| काम | पोहोच | परिणाम | विश्वास | श्रम (मनुष्य-महिने) | गुण |
|---|---|---|---|---|---|
| आठवणीचा संदेश | १२,००० | १ | ८०% | २ | ४,८०० |
| रुग्णाने वेळ बदलणे | ५,००० | २ | ८०% | ३ | २,६६७ |
| घरातील इतरांची नावे | ३,५०० | २ | ५०% | २.५ | १,४०० |
| गडद स्क्रीन | ६,००० | ०.२५ | ८०% | १ | १,२०० |
| ऑनलाइन फी | ९,००० | १ | ५०% | ४ | १,१२५ |
| समूहाचा अहवाल | ४० | ३ | १००% | २ | ६० |

तक्त्यात सहाच कामे आहेत, कारण सातव्याला, म्हणजे लॉगिनची लायब्ररी बदलण्याला, गुण दिलेच नाहीत. ती लायब्ररी बनवणाऱ्यांकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या तिमाहीच्या अखेरीस बंद होणार आहेत, आणि रुग्णांची माहिती असलेले ॲप त्यानंतर तसेच चालवणे शक्य नाही. अशा कामाची तुलना गडद स्क्रीनशी करण्यात अर्थ नसतो. म्हणून त्याचे दोन मनुष्य-महिने आधीच बाजूला काढले आणि तसे लिहून ठेवले. या ‘अनिवार्य’ शीर्षकाखाली प्रत्येक काम कोणत्या तारखेमुळे किंवा कोणत्या बंधनामुळे आले, हे लिहिणे भाग पाडावे. नाहीतर गुणांच्या कसोटीत न टिकणारी कामे हळूहळू याच मागच्या दाराने आत येतात.

आता हा तक्ता वाचायचा कसा? वरची दोन कामे स्पष्ट आहेत. पहिल्याचे गुण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. अंदाजात थोडी चूक झाली तरी हा क्रम बदलणार नाही. पण त्याखालची तीन कामे, १,४००, १,२०० आणि १,१२५, ही खरे म्हणजे एकाच पायरीवर उभी आहेत. घरातील इतरांची नावे जोडण्याला अडीचऐवजी साडेतीन मनुष्य-महिने लागले, तर त्याचे गुण १,००० होतात आणि ते काम तिसऱ्यावरून पाचव्या क्रमांकावर जाते. ऑनलाइन फीचे काम चारऐवजी तीन मनुष्य-महिन्यांत झाले, तर तिचे गुण १,५०० होतात आणि ती तिसऱ्या क्रमांकावर येते. श्रमाच्या अंदाजात एका महिन्याची चूक ही सॉफ्टवेअरमध्ये अगदी रोजची गोष्ट आहे. म्हणजे या तिघांमधला क्रम गुणांनी ठरलेलाच नाही, आणि तो गुणांनी ठरला असे इतिवृत्तात लिहिणे खोटे ठरेल.

मग तो कशाने ठरला? अनिवार्य काम २, आठवणीचा संदेश २ आणि वेळ बदलण्याची सोय ३, असे सात मनुष्य-महिने संपले आणि तीन उरले. ऑनलाइन फीला चार लागतात, म्हणून ती बसतच नाही. घरातील इतरांच्या नावांना अडीच लागतात, ती बसते आणि अर्धा मनुष्य-महिना शिल्लक राहतो. गडद स्क्रीनही बसला असता, पण न येणाऱ्या रुग्णांच्या प्रमाणाशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट एकाच खात्यावर आईची, मुलाची आणि स्वतःची अशा तिघांच्या वेळा असल्या की नेमकी आठवण कोणाची हे कळत नाही, आणि हा गोंधळ उद्दिष्टाशी थेट जोडलेला आहे. इतिवृत्तात या टीमने लिहिले : ‘तिसऱ्या ते पाचव्या क्रमांकाच्या कामांतील गुणांचा फरक अंदाजाच्या चुकीपेक्षा लहान आहे. निवड उरलेली क्षमता आणि तिमाहीचे उद्दिष्ट यांवर केली आहे.’ अशा दोन वाक्यांमुळे तीन महिन्यांनंतरचा अर्धा तासाचा वाद वाचतो.

समूहाच्या अहवालाची गोष्ट सर्वांत बोधक आहे, कारण तिथे सूत्राची मर्यादा उघडी पडते. तो अहवाल समूहातील ४० व्यवस्थापक पाहणार, म्हणून पोहोच ४० आणि गुण ६०. विक्री विभागाच्या प्रमुखांनी यावर हरकत घेतली आणि सांगितले, की या समूहाचे २,५०० रुग्ण दर तिमाहीला ॲप वापरतात, तेव्हा पोहोच २,५०० धरावी. तसे केल्यास गुण ३,७५० होतात आणि हे काम एकदम दुसऱ्या क्रमांकावर जाते. एकच काम, एकच टीम, आणि पोहोच मोजण्याचे एकक बदलल्याबरोबर गुण साठपटीहून अधिक वाढतात! या पद्धतीत जिथे रुग्णासारखे लाखोंनी मोजले जाणारे वापरकर्ते आणि रुग्णालयासारखे मोजके पैसे देणारे ग्राहक असे दोघे एकत्र येतात, तिथे हे हमखास होते.

दोन्ही आकड्यांपैकी बरोबर कोणता? अहवालामुळे एकाही रुग्णाचा अनुभव बदलत नाही, त्यामुळे २,५०० ही पोहोच नाही. पण ६० हे गुण मान्य केले तर हे काम कधीच वर येणार नाही, आणि हा समूह नाराज होऊन निघून गेला तर त्याचे सगळेच रुग्ण जातील, हेही खरे आहे. टीमने येथे शहाणपणाचा मार्ग घेतला. हे काम गुणांच्या तुलनेतून बाहेर काढले आणि त्याला वेगळाच प्रश्न विचारला : या तिमाहीत नाही केले, तर नेमके काय हातचे जाईल आणि कधी? डोनाल्ड रायनर्टसेन यांच्या लेखनामुळे या विचाराला विलंबाची किंमत असे नाव रूढ झाले आहे. समूहाच्या कराराचे नूतनीकरण सात महिन्यांनी आहे. काम एका इंजिनिअरने केले तर दोन महिन्यांचे आहे. म्हणजे ते पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला हाती घेतले, तरी नूतनीकरणाच्या आधी पूर्ण होते. या तिमाहीत थांबण्याची किंमत जवळजवळ शून्य आहे, पुढच्या तिमाहीत थांबण्याची मात्र खूप मोठी आहे.

येथून आपण पुढे ढकललेल्या कामांच्या भागात येतो. या भागात सर्वाधिक दिसणारे कारण म्हणजे ‘लो प्रायॉरिटी’. मी एका टीमच्या जुन्या इतिवृत्तांत सलग अकरा कामांपुढे हेच दोन शब्द पाहिले होते. हे कारणच नव्हे. काम खाली का ठेवले, या प्रश्नाला ‘ते खाली आहे म्हणून’ असे उत्तर देण्यासारखे ते आहे. ‘वेळ नाही’ हेही तितकेच पोकळ आहे, कारण वेळ तर कोणत्याच कामासाठी नव्हता, तो काहींना दिला आणि काहींना दिला नाही. ‘पुढच्या टप्प्यात पाहू’ याची तऱ्हा निराळी आहे : ते वाचून मागणी करणाऱ्याला आश्वासन मिळाल्यासारखे वाटते आणि लिहिणाऱ्याने कशाचेच आश्वासन दिलेले नसते.

कारण खरे आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. ते वाचून ‘काय बदलले तर हे काम परत टेबलावर येईल?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. उत्तर मिळत असेल, तर ते लांबणीवर टाकणे आहे. मिळत नसेल आणि मिळण्यासारखे काही नसेलच, तर तो नकार आहे, आणि नकाराला नकारच म्हणावे.

आपल्या उदाहरणात या कसोटीने तीन कामांची तीन निरनिराळी उत्तरे आली.

गडद स्क्रीनपुढे सुरुवातीला ‘पुढे ढकलले’ असेच लिहिले गेले होते. मग कोणीतरी विचारले, की काय झाले तर आपण हे घेऊ? कोणालाच सांगता येईना. रात्री ॲप उघडणारे ६,००० जण आहेत हे खरे, पण त्यामुळे त्यांनी वेळ घेतली नाही किंवा चुकवली, असे एकही उदाहरण नव्हते. शेवटी नोंद बदलून ‘या वर्षासाठी नाकारले, उद्दिष्टाशी संबंध नाही’ अशी केली, आणि ज्या वापरकर्त्यांनी ते मागितले होते त्यांना तसेच उत्तर द्यायचे ठरले. हे ऐकायला कडू वाटते, पण दर तिमाहीला तीच मागणी नव्याने वाचून, नव्याने गुण देऊन, नव्याने खाली ठेवण्यापेक्षा ते बरे. दर वेळी त्यात सर्वांची काही मिनिटे जातात आणि मागणारा मात्र वर्षभर वाट पाहत राहतो.

समूहाच्या अहवालाचे कारण तारखेचे आहे. नोंद अशी : ‘पुढच्या तिमाहीत प्राधान्याने घ्यायचे. पाचव्या महिन्याच्या आत काम सुरू झाले पाहिजे. तोपर्यंत शाखांचे आकडे दरमहा तक्त्यात एकत्र करून विक्री विभाग समूहाला पाठवेल. नूतनीकरणाची बोलणी लवकर सुरू झाल्यास किंवा आणखी दोन समूहांनी हाच अहवाल मागितल्यास बैठकीची वाट न पाहता हा विषय पुन्हा घ्यावा.’ यात काम थांबले असताना गरज कशी भागवायची हेही आहे, आणि ते हाताने करण्याचा भार कोणावर पडणार हेही आहे. ही दुसरी गोष्ट बहुतेक इतिवृत्तांत सुटते. मग पुढे ढकललेल्या कामाचा बोजा कोणातरी एका माणसाच्या माथी नकळत बसतो आणि तो माणूस पुढच्या बैठकीला रागानेच येतो.

विक्री विभागाच्या प्रमुखांना हा निर्णय पटला नाही. त्यांचे म्हणणे होते, की नूतनीकरण सात महिन्यांनी असले तरी मन त्याच्या बरेच आधी ठरते. ही असहमती त्यांच्या नावासह, एका वाक्यात, सौम्य न करता नोंदवली गेली. इतिवृत्त लिहिणाऱ्याला ‘सर्वानुमते ठरले’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो, पण इथे एकमत नव्हते, आणि पुढे समूह खरोखरच बिथरला तर कोणाला काय दिसत होते हे कळण्यासाठी ते वाक्य तिथे असायला हवे.

ऑनलाइन फीचे कारण मात्र तिसऱ्याच प्रकारचे आहे, आणि ते सर्वांत उपयोगी आहे : पुरावा अपुरा आहे. विश्वास ५० टक्के आहे, म्हणून गुण १,१२५ आहेत. तोच ८० टक्के असता, तर गुण १,८०० झाले असते आणि हे काम तिसऱ्या क्रमांकावर आले असते. म्हणजे येथे कामच करायचे की नाही हे ठरवण्याआधी स्वस्तात काही जाणून घेता येते का, हे पाहायला हवे. शिल्लक राहिलेला अर्धा मनुष्य-महिना त्यासाठी दिला. वेळ घेण्याच्या शेवटच्या स्क्रीनवर ‘फी आताच भरा’ असे एक बटण दोन आठवडे ठेवायचे, आणि ते दाबणाऱ्याला ‘ही सोय अजून सुरू झालेली नाही, फी दवाखान्यातच भरावी’ असे सरळ सांगून त्याची अपॉइंटमेंट नेहमीप्रमाणे पक्की करायची. बटण पाहणाऱ्यांपैकी किमान १५ टक्के लोकांनी ते दाबले तर पुरावा अनुकूल, हेही आधीच लिहून ठेवले. हा आकडा चाचणीनंतर ठरवला तर चाचणीला काही अर्थ उरत नाही, कारण जो निकाल लागेल तो पुरेसा चांगला होता असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक टीममध्ये असतोच.

आता तीन महिने पुढे जाऊ. पुढच्या बैठकीची सुरुवात नव्या कामांनी झाली नाही, तर मागच्या इतिवृत्तातील पुढे ढकललेल्या भागाने झाली, आणि ही सवय चांगली आहे. अहवालाची अट पूर्ण होण्याची वेळ आली होती, त्यामुळे त्याचे दोन मनुष्य-महिने चर्चेविना बाजूला काढले गेले. त्यानंतर ऑनलाइन फीच्या चाचणीचा निकाल आला. बटण दाबणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यांदाच येणाऱ्या रुग्णांत २२ टक्के होते आणि आधी येऊन गेलेल्यांत फक्त ६ टक्के. फी भरणाऱ्या ९,००० रुग्णांपैकी सुमारे ३,००० नवे आणि ६,००० जुने असल्याने एकूण प्रमाण ११ टक्क्यांच्या थोडे वर आले, म्हणजे आधी ठरवलेल्या १५ टक्क्यांपेक्षा कमी.

येथे गंमत अशी, की पुराव्याने विश्वास वाढला आणि गुण मात्र कमी झाले. आता टीमला निदान हे ठाऊक झाले होते, की सोय कोणाला हवी आहे. विश्वास ५० वरून ८० टक्के झाला, पण पोहोच ९,००० न राहता नव्या रुग्णांपुरती ३,००० झाली. तीन हजार गुणिले एक गुणिले ०.८, भागिले चार : गुण ६००. पाव वर्षापूर्वी ‘आम्हाला वाटतेच आहे की लोक भरतील’ म्हणून हे काम घेतले असते, तर चार मनुष्य-महिने अशा सोयीवर गेले असते जी तीनांपैकी दोन रुग्णांना नको आहे.

तेवढ्यात एका सदस्याने सुचवले, की वेळ चुकवणारे बहुतेक नवेच रुग्ण असणार, त्यांनी आगाऊ पैसे भरले की ते नक्की येतील, तेव्हा परिणाम १ ऐवजी २ धरावा. तसे केल्यास गुण १,२०० होतात. म्हणणे चुकीचे नाही. कदाचित पूर्ण बरोबरही असेल. पण ते गुण खाली गेल्यावर सुचले, आणि नेमका तोच आकडा बदला असे सांगत होते ज्याने काम परत वर येते. गुणांमागे धावत आकडे बदलणे ओळखायची हीच खूण आहे : बदल कोणत्या नव्या माहितीमुळे सुचला, असे विचारले की उत्तर येत नाही. सुदैवाने या वेळी माहिती मिळण्यासारखी होती, कारण वेळ चुकवणाऱ्यांत नवे किती आणि जुने किती, हे ॲपच्याच नोंदींतून एका दुपारी काढता येते, आणि आश्चर्य म्हणजे ते आजवर कोणी काढलेच नव्हते.

ऑनलाइन फीपुढची दुसऱ्या तिमाहीची नोंद म्हणून अशी झाली : ‘पुढे ढकलले, दुसऱ्यांदा. मागील कारण : रुग्ण आगाऊ फी भरतील का, याचा पुरावा नव्हता. आता उत्तर मिळाले : नवे रुग्ण काही प्रमाणात भरतील, जुने नाही. नवे कारण : नव्या रुग्णांचे वेळ चुकवण्याचे प्रमाण माहीत नाही. ते जुन्यांच्या दुप्पट किंवा अधिक आढळल्यास परिणाम २ धरून, फक्त नव्या रुग्णांपुरत्या लहान स्वरूपात, श्रमाचा अंदाज नव्याने घेऊन हे काम पुन्हा मांडावे. तसे न आढळल्यास नाकारावे. आकडे काढण्याची जबाबदारी आणि तारीख : सोबत.’